पत्त्यातला बदाम

खालचा पत्ता नीट पाहा. त्यात एकच चिन्ह दोनदा आले आहे, एकदा नावात आणि एकदा तिरप्या रेघेनंतर.

```
https://i❤.example/❤
```

हा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून एंटर दाबले की प्रत्यक्षात पुढे जातो तो असा:

```
https://xn--i-7iq.example/%E2%9D%A4
```

पहिल्या बदामाचे `7iq` झाले आणि दुसऱ्याचे `%E2%9D%A4`. हाच बदाम ईमेलच्या विषयाच्या ओळीत टाकला तर त्याचे तिसरेच रूप होते, `=?UTF-8?B?4p2k?=`. आणि ईमेलच्या पत्त्यात `@` च्या आधी टाकला तर त्याला असे बदली रूपच नाही. तो आहे तसा पुढे जातो किंवा परत येतो. (`.example` हे शेपूट नमुन्यांसाठी राखून ठेवलेले आहे, त्यावर कोणाचेही संकेतस्थळ नसते. म्हणून या लेखात तेच वापरले आहे.)

विषयाची ओळ आणि तिरप्या रेघेनंतरचा भाग यांत फारसे गूढ नाही. बदामाचे यूटीएफ-८ मधले तीन बाइट म्हणजे `E2 9D A4`, आणि तेच तिथे वेगळ्या लिपीत उतरवलेले असतात. खरा प्रश्न डोमेन नावाचा आहे. तिथला बदाम ब्राउझरमध्ये बहुधा चालतो, पण ईमेलमध्ये तोच पत्ता कधी पोहोचतो, कधी पाठवतानाच अडतो, कधी परत येतो. दोष प्युनीकोडचा आहे असे पुष्कळदा सांगितले जाते. माझ्या मते तो तिथे नाही, आणि हे पटवण्यासाठी प्युनीकोडचे गणित एकदा हाताने करून पाहणे हाच चांगला मार्ग आहे.

जुन्या घराला हात न लावता

डोमेन नावांची व्यवस्था, म्हणजे डीएनएस, आज ज्या रूपात आहे त्याची मूळ कागदपत्रे नोव्हेंबर १९८७ ची आहेत. त्यात यंत्रांच्या नावांसाठी रूढ झालेला नियम साधा होता: इंग्रजी अक्षरे, अंक आणि जोडरेघ. दोन टिंबांमधला प्रत्येक तुकडा, ज्याला लेबल म्हणतात, जास्तीत जास्त ६३ बाइटचा. लहान आणि मोठी अक्षरे एकच मानायची. जगभरातले मेल सर्व्हर, प्रमाणपत्रे तपासणारे प्रोग्रॅम हे सगळे याच गृहीतावर उभे राहिले.

पुढे अरबी, चिनी, देवनागरी लिपींत नावे हवीत अशी मागणी आली तेव्हा दोन वाटा होत्या. एक म्हणजे सगळ्या व्यवस्थेला नव्या लिपी शिकवायच्या. दुसरी म्हणजे व्यवस्थेला काहीच कळू द्यायचे नाही, आणि माणूस व व्यवस्था यांच्यामध्ये बसलेल्या प्रोग्रॅमने भाषांतर करून द्यायचे. आयईटीएफने २००३ साली दुसरी वाट घेतली. त्या मानकाचे नाव आयडीएनए. त्यातला शेवटचा 'ए' हा 'ॲप्लिकेशन्स'चा आहे, आणि पुढे जे काही घडते त्याचे मूळ या एका अक्षरात आहे. भाषांतराची जबाबदारी ॲप्लिकेशनवर, म्हणजे ब्राउझरवर, मेलच्या प्रोग्रॅमवर, नोंदणीच्या फॉर्मवर. प्रत्येकाने आपापले भाषांतर करायचे. मधले डीएनएस फक्त `xn--` ने सुरू होणारी अक्षरांची माळ पाहते, आणि त्या माळेत बदाम दडला आहे की 'भारत', याच्याशी त्याला कर्तव्य नसते. `.भारत` हे शेपूटसुद्धा व्यवस्थेत `xn--h2brj9c` या नावानेच नांदते.

`7iq` कुठून आले

प्युनीकोड हे त्या भाषांतराचे गणित. ॲडम कॉस्टेलो यांनी ते मांडले आणि मार्च २००३ मध्ये ते आरएफसी ३४९२ म्हणून प्रसिद्ध झाले. आपण `i❤` हे लेबल घेऊ.

पहिली पायरी सोपी आहे. लेबलमधली जी अक्षरे आधीच चालणारी आहेत ती क्रमाने लिहून काढायची आणि मग एक जोडरेघ द्यायची. इथे `i` चालते, म्हणून `i-` मिळाले. आता उरला बदाम. त्याच्याबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आहेत: तो कोणता आणि तो कुठे बसतो. प्युनीकोड या दोन्ही गोष्टी एकाच संख्येत सांगते, आणि हीच त्यातली खरी कल्पकता आहे.

उलगडणाऱ्याच्या बाजूने पाहिले की ही संख्या लगेच कळते. त्याच्या हातात सध्या फक्त `i` आहे. नवे चिन्ह बसायला दोन जागा आहेत, `i` च्या आधी किंवा नंतर. गस्त घालणाऱ्या पहारेकऱ्यासारखा तो या दोन जागांवरून फेऱ्या मारतो. पहिल्या फेरीत त्याच्या हातात युनिकोडमधले १२८ क्रमांकाचे चिन्ह असते, कारण त्याआधीची सगळी चिन्हे साध्या अस्कीत येतात. पहिली जागा, दुसरी जागा, फेरी संपली, की हातातले चिन्ह एकाने पुढे सरकते: १२९, मग १३०, मग १३१. संख्या इतकेच सांगते की किती पावले टाकल्यावर थांबून हातातले चिन्ह तिथे ठेवायचे.

बदामाचा युनिकोड क्रमांक `U+2764`, म्हणजे दशमान पद्धतीत १००८४. १२८ पासून तिथे पोहोचायला ९९५६ पूर्ण फेऱ्या लागतात. प्रत्येक फेरीत दोन पावले, म्हणजे १९९१२. एवढी पावले झाली की पहारेकरी बदाम हातात घेऊन पहिल्या जागेवर, `i` च्या आधी, उभा असतो. आपल्याला बदाम `i` च्या नंतर हवा, म्हणून आणखी एक पाऊल. एकूण १९९१३.

आता ही संख्या अक्षरांत लिहायची. `a` ते `z` म्हणजे ० ते २५ आणि `0` ते `9` म्हणजे २६ ते ३५, असे ३६ अंक आहेत. सर्वांत लहान स्थान आधी लिहितात. इथे एक अडचण येते. एका लेबलमध्ये अशा अनेक संख्या लागोपाठ येऊ शकतात आणि त्यांच्यामध्ये स्वल्पविराम द्यायला जागा नाही, तर एक संख्या कुठे संपली हे कसे ओळखायचे? त्यासाठी प्रत्येक स्थानाला एक उंबरठा ठरवलेला असतो. अंक उंबरठ्याइतका किंवा त्याहून मोठा असेल तर संख्या पुढे चालू. लहान असेल तर ती तिथेच संपली. पहिल्या संख्येसाठी पहिल्या दोन स्थानांचा उंबरठा १ असतो आणि तिसऱ्या स्थानापासून पुढे २६. पुढच्या स्थानाची किंमत काढताना ३६ मधून उंबरठा वजा करून गुणायचे, म्हणून स्थानांच्या किमती १, ३५ आणि १२२५ अशा येतात.

```
7 = 33      33 × 1    =    33
i = 8        8 × 35   =   280
q = 16      16 × 1225 = 19600
                        -----
                        19913
```

`q` म्हणजे १६, तो २६ च्या उंबरठ्याखाली आहे, म्हणून संख्या तिथे संपली. `i-` ला `7iq` जोडले, पुढे `xn--` लावले, झाले `xn--i-7iq`. आता बदाम आणि `i` यांची अदलाबदल करून पाहा. `❤i` साठी शेवटचे पाऊल लागत नाही, संख्या १९९१२ होते आणि लेबल `xn--i-6iq` होते. एका अक्षराचा फरक, आणि तोसुद्धा फक्त जागेचा.

पहिली संख्या झाल्यावर पुढच्या संख्यांचे उंबरठे आपोआप बदलतात. एका शब्दातली अक्षरे सहसा एकाच लिपीची, म्हणजे युनिकोडमध्ये शेजारशेजारी असतात, हे धरून ते बदल केलेले आहेत. त्यामुळे देवनागरी नावे ६३ च्या मर्यादेत बऱ्यापैकी मावतात.

या सगळ्यात एक गोष्ट कुठेच आलेली नाही: बदाम चालतो की नाही हा प्रश्न. पहारेकरी निमूटपणे पावले मोजतो. हातात अक्षर असो, इमोजी असो की न दिसणारे चिन्ह असो, त्याला फरक पडत नाही. कोणती चिन्हे आत घ्यायची हे ठरवणारा दरवाजा प्युनीकोडच्या आधी आहे, आणि तो दरवाजा एक नाही.

दोन दरवाजे आणि मधली पायवाट

२००३ च्या आयडीएनएचा कल असा होता की ज्याला मनाई नाही ते चालेल. चिन्हांवर सरसकट मनाई नव्हती, त्यामुळे `U+2764` त्या दरवाजातून सहज जात असे. नंतर त्या नियमांचा फेरविचार झाला. नवे मानक आयडीएनए २००८ म्हणून ओळखले जाते, जरी ते प्रसिद्ध ऑगस्ट २०१० मध्ये झाले. त्याने कल उलटा केला: ज्याला परवानगी आहे तेवढेच चालेल. परवानगी कोणाला, तर ढोबळमानाने भाषा लिहायला लागणारी अक्षरे, मात्रा आणि अंक. युनिकोडच्या वर्गवारीत जे 'चिन्ह' म्हणून नोंदलेले आहे ते सगळे बाहेर. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युनिकोड ६.० आले आणि शेकडो इमोजींना एकदम क्रमांक मिळाले. ते जन्मले तेव्हा दरवाजा आधीच बंद झालेला होता.

ब्राउझर बनवणाऱ्यांपुढे पेच पडला. जुन्या नियमांनी नोंदलेली नावे अचानक उघडेनाशी झाली तर लोक ब्राउझरला दोष देणार. म्हणून युनिकोड संघटनेने मधली पायवाट काढली, तांत्रिक मानक क्रमांक ४६. त्याच्या तक्त्यात बदामासारख्या चिन्हांपुढे 'चालेल' असे लिहिले आहे आणि शेजारी `NV8` अशी खूण आहे. खुणेचा अर्थ, २००८ च्या नियमांनी हे चालत नाही. ब्राउझर ही पायवाट वापरतात, म्हणून इमोजीचे पत्ते उघडतात. मात्र क्रोम पत्त्याच्या पट्टीत बदाम न दाखवता `xn--i-7iq` असेच दाखवतो.

ही नावे विकत कुठे मिळतात याचे उत्तर तंत्रात नसून करारात आहे. `.com` सारखी सर्वसाधारण शेपटे सांभाळणाऱ्या संस्था आयकॅनशी केलेल्या करारानुसार २००८ च्या नियमांना बांधलेल्या आहेत. जुन्या काळात नोंदलेली थोडी इमोजी नावे `.com` मध्ये अजून आहेत, नवी मिळत नाहीत. देशांच्या शेपटांवर असे बंधन नाही. त्यामुळे सामोआचे `.ws`, टोंगाचे `.to`, मायक्रोनेशियाचे `.fm` अशी शेपटे इमोजींची घरे झाली. आयकॅनच्या सुरक्षा आणि स्थैर्य सल्लागार समितीने मे २०१७ मध्ये यावर स्वतंत्र टिपण काढले आणि इमोजी नावांविरुद्ध स्पष्ट सल्ला दिला.

तो सल्ला योग्य होता असे मला वाटते, आणि त्याचे कारण बदामच दाखवून देतो.

एक बदाम, अनेक पत्ते

पत्त्यांच्या कॅटमधला बदाम आणि प्रेमाचा बदाम ही युनिकोडमध्ये दोन निराळी चिन्हे आहेत. इस्पिक, किलवर, चौकट यांच्या शेजारी बसणारा बदाम `♥`, क्रमांक `U+2665`. दुसरा `❤`, क्रमांक `U+2764`. पहिल्याचे एकट्याचे लेबल `xn--g6h`, दुसऱ्याचे `xn--qei`. लाल रंगात, छोट्या आकारात, फोनच्या पडद्यावर हे दोन वेगळे ओळखून दाखवा. कोणी फोनवर विचारले की तुमच्या संकेतस्थळाचा पत्ता काय, तर 'आय आणि बदाम' एवढेच सांगता येते, आणि ऐकणाऱ्याला कोणता बदाम हे कळायला मार्ग नसतो. 'क' आणि 'ख' यांना उच्चार आहे. हसऱ्या तोंडांच्या डझनभर छटांना तो नाही.

दुसरा सापळा डोळ्यांना दिसतच नाही. फोनच्या कळफलकावरून लाल बदाम टाकला की बहुधा त्याच्यामागे `U+FE0F` हे अदृश्य चिन्ह येते. 'हे चिन्ह साध्या काळ्या रूपात न दाखवता रंगीत दाखवा' एवढीच त्याची सूचना. जुना दरवाजा आणि मधली पायवाट दोघेही ते गाळून टाकतात आणि मगच प्युनीकोडकडे जातात. पण दरवाजा वगळून थेट गणिताकडे गेले तर पहारेकरी त्याचीही पावले मोजतो. पायथॉनमध्ये हे दोन ओळींत दिसते:

```
>>> 'i❤\ufe0f'.encode('punycode')
b'i-7iqv272g'
>>> 'i❤\ufe0f'.encode('idna')
b'xn--i-7iq'
```

एखाद्या ढिसाळ साधनाने पहिल्या पद्धतीने लेबल काढून दिले आणि कोणी `xn--i-7iqv272g` हे नाव नोंदवले, तर ते नाव डीएनएसमध्ये नीट असेल, पैसे भरले जातील, पण बदाम टाकून तिथे कोणी कधीच पोहोचणार नाही. ब्राउझर प्रत्येकाला `xn--i-7iq` कडे नेईल, आणि ते कदाचित दुसऱ्याच्या मालकीचे असेल. हे ओळखायची युक्ती सोपी आहे: लेबलमधली चिन्हे यंत्राकडून मोजून घ्यायची. डोळ्यांना दोन दिसतात आणि यंत्र तीन म्हणते, तर तिसरे अदृश्य आहे.

अंगठ्याचे इमोजी त्वचेच्या पाच छटांत येते. छटेचे चिन्ह गाळले जात नाही, म्हणून छटा नसलेला धरून एकाच अंगठ्याचे सहा पत्ते होतात. `™` चे उलटे होते. ते मधल्या पायवाटेवर साध्या `tm` मध्ये बदलते, त्याचे वेगळे नाव होऊच शकत नाही.

तिसरा सापळा मराठी वाचकाला जवळचा आहे. कुटुंबाचे इमोजी, आई, वडील आणि मुलगी, हे तीन इमोजी एका अदृश्य जोडचिन्हाने सांधून केलेले असते. हे जोडचिन्ह `U+200D`. आणि हेच चिन्ह आपण मराठीत वापरत आलो आहोत. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. दुसऱ्या शब्दातला अर्धा र संगणकावर लिहायच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे नुक्त्याचा `ऱ` घेऊन, आणि दुसरी म्हणजे र, हलन्त आणि त्यामागे `U+200D`. २००३ चे नियम `U+200D` निमूटपणे गाळून टाकत. त्यामुळे दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या दऱ्या डोमेन नावात शिरल्या की त्यांचा दर्या होत असे आणि कोणालाही इशारा मिळत नसे. याच नियमाने इमोजीतले कुटुंब सुटून तीन माणसे ओळीत उभी राहत.

२००८ च्या नियमांनी इथे बारकाईने विचार केला. `U+200D` चालेल, पण त्याच्या लगेच आधी हलन्त असेल तरच. भारतीय लिपींतल्या जोडाक्षरांसाठी ते लागते, म्हणून दऱ्या राहिल्या. वडिलांच्या इमोजीमागे हलन्त नसतो, म्हणून ते कुटुंब अवैध ठरले. इमोजींना दार बंद करणारे मानक आणि आपल्या अर्ध्या र ला जागा देणारे मानक एकच आहे. कडक नियम म्हणजे इंग्रजीवाल्यांचा आडमुठेपणा असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी.

ईमेल का अडते

आता `namaste@i❤.example` हा पत्ता घेऊ. समजा एका छायाचित्रकाराने असे नाव घेतले, कार्डावर छापले, आणि लोक त्याला लिहू लागले. `@` च्या नंतरचा भाग डोमेन नावच आहे, तेव्हा प्युनीकोड लावून `namaste@xn--i-7iq.example` करता येते. यात एकही परके अक्षर उरत नाही. जुन्यातला जुना मेल सर्व्हरसुद्धा हा पत्ता विनातक्रार घेईल. मग अडते कुठे?

अडते ते भाषांतर कोण आणि कोणत्या नियमाने करणार यावर. ब्राउझरमध्ये हे काम एकाच प्रोग्रॅमकडे असते आणि तो मधल्या पायवाटेने जातो. ईमेलच्या वाटेवर निदान चार जण उभे असतात: पत्ता जिथे टाइप केला तो फॉर्म किंवा मेलचा प्रोग्रॅम, पाठवणाऱ्याचा सर्व्हर, घेणाऱ्याचा सर्व्हर आणि गाळणी. यांच्यातला एक जरी २००८ च्या कडक नियमांनी चालणारा निघाला तरी बदाम तिथेच थांबतो. पायथॉनमध्ये हा फरक शेजारीशेजारी ठेवता येतो. अंगभूत सोय जुन्या नियमांची आहे, आणि `idna` हे वेगळे पॅकेज नव्या नियमांचे.

```
>>> 'i❤'.encode('idna')
b'xn--i-7iq'
>>> import idna
>>> idna.encode('i❤')
idna.core.InvalidCodepoint: Codepoint U+2764
at position 2 of 'i❤' not allowed
```

आणि इथे एक गोष्ट अनेकांना चकवते. आपणच आधी भाषांतर करून `xn--i-7iq` दिले तर सुटू, असे वाटते. कडक पॅकेज त्यालाही फसत नाही. ते `xn--` पाहून लेबल उलगडते, आत बदाम सापडला की तीच चूक दाखवते. २००८ च्या परिभाषेत अशा लेबलला खोटे ए-लेबल म्हणतात: वरून रूप बरोबर, आत चालणारे नाव नाही. म्हणून छायाचित्रकार आपला `xn--` वाला पत्ता एखाद्या नोंदणीच्या फॉर्ममध्ये भरतो तेव्हा एक फॉर्म तो घेतो, दुसरा घेत नाही, आणि दोन्ही आपापल्या नियमाने बरोबर असतात.

काही प्रोग्रॅम भाषांतर करतच नाहीत, बदाम कच्चा तसाच सर्व्हरकडे ढकलतात. इथे दुसरे मानक येते. फेब्रुवारी २०१२ मध्ये आरएफसी ६५३० ते ६५३३ प्रसिद्ध झाले आणि ईमेलच्या पत्त्यात थेट यूटीएफ-८ नेण्याची सोय झाली. सर्व्हरने सुरुवातीच्या ओळखीतच तसे सांगायचे असते:

```
EHLO mail.example
250-mail.example
250-8BITMIME
250 SMTPUTF8
```

शेवटची ओळ नसेल तर कच्चा बदाम पुढे नेता येत नाही. ती ओळ असली तरी आपला छायाचित्रकार सुटत नाही, कारण हे मानक डोमेनसाठी पुन्हा २००८ च्याच नियमांकडे बोट दाखवते. `नमस्ते@उदाहरण.भारत` या घडणीचा पत्ता त्याला मान्य आहे. `@` नंतरचा बदाम नाही.

`@` च्या आधी मात्र चित्र उलटे आहे. तिथे प्युनीकोड लावायचेच नाही. त्या भागाचा अर्थ लावण्याचा अधिकार फक्त शेवटच्या सर्व्हरचा असतो. त्यातली मोठी-लहान अक्षरे, टिंबे, अधिक चिन्हे यांचे काय करायचे ते तोच ठरवतो, आणि मधल्या कोणी त्यात फेरफार करू नये हा ईमेलचा जुना दंडक आहे. मधल्याने `❤` चे `xn--qei` केले तर शेवटच्याला ते त्याच नावाचा दुसरा ग्राहक वाटू शकते. आधीच्या प्रायोगिक आवृत्तीत वाटेत पत्ता साध्या रूपात उतरवण्याची एक पद्धत होती. २०१२ च्या मानकाने ती सोडून दिली. आता `@` च्या आधीचा भाग देवनागरी असो वा बदाम, तो यूटीएफ-८ मध्ये जसाच्या तसा जातो, आणि वाटेवरच्या प्रत्येक सर्व्हरने `SMTPUTF8` म्हणायला हवे. व्याकरणाने पाहिले तर `❤@misal.example` हा पत्ता या मानकात बसतो आणि `misal@❤.example` बसत नाही. जीमेलने अशा पत्त्यांशी व्यवहार ऑगस्ट २०१४ पासून सुरू केला, पोस्टफिक्स या प्रचलित सर्व्हरने ३.० आवृत्तीपासून. पण साखळीतला एक जुना सर्व्हर पुरेसा असतो.

कुठे अडले ते ओळखणे

छायाचित्रकाराची तक्रार अशी असेल: 'काहींची पत्रे येतात, काहींची येत नाहीत.' शोध या क्रमाने घ्यावा. आधी कार्डावरून किंवा संकेतस्थळावरून पत्ता उचलून त्यातली चिन्हे मोजावीत; `U+FE0F` शिरले असेल तर ते इथेच सापडते. मग मेल कुठे न्यायची याची नोंद मूळ लेबलवर आहे का ते पाहावे:

```
dig MX xn--i-7iq.example
```

उत्तरात मेल सर्व्हरचे नाव आले तर डीएनएस ठीक आहे, आणि त्यापुढे तिकडे बोट दाखवू नये. मग पाठवणाऱ्याला विचारावे की नकार केव्हा मिळाला. 'पाठवा' दाबताक्षणी आला असेल तर तो त्याच्या प्रोग्रॅमचा किंवा फॉर्मचा, म्हणजे कडक नियमांचा नकार. मिनिटभराने परतीचे पत्र आले असेल तर त्यातला आकडा वाचावा. `5.6.7` असेल तर अस्कीबाहेरचा पत्ता तसाच पुढे ढकलला गेला आणि तो न घेणाऱ्या सर्व्हरने अडवला. अशा पाठवणाऱ्याला `xn--` चे रूप दिले तर पत्र पोहोचते. फॉर्मने नकार दिला असेल तर हे रूप देऊनही उपयोग होईलच असे नाही, कारण तो फॉर्म आत डोकावणारा असू शकतो. आणि नकारच मिळाला नाही, पत्रही आले नाही, तर गाळणीचा डबा उघडावा. `xn--` ने सुरू होणारे, आत चिन्ह दडवलेले नाव फसवणुकीच्या पत्रांतही दिसते, त्यामुळे गाळण्या त्याकडे संशयाने पाहतात. छायाचित्रकाराने स्वतः पाठवलेली उत्तरेही घेणाऱ्याच्या पडद्यावर `namaste@xn--i-7iq.example` अशीच दिसू शकतात, आणि लग्नाची तारीख ठरवायला निघालेला माणूस ती उघडायला कचरतो.

यावर टिकणारा उपाय एकच मला दिसतो. बदामाचे नाव संकेतस्थळासाठी ठेवावे, तेही कोणीतरी त्यावर टिचकी मारणार असेल अशा ठिकाणी, आणि तिथून साध्या अक्षरांच्या नावाकडे वळवावे. ईमेलचा पत्ता त्या साध्या नावावर असावा. देवनागरी नाव हवे असेल तर ते `.भारत` वर घ्यावे. ते दोन्ही दरवाजांतून जाते. त्यात 'दऱ्या' सारखा शब्द असेल तर नोंदवताना नुक्त्याचा `ऱ` वापरावा, म्हणजे कोणाच्या जुन्या प्रोग्रॅमने `U+200D` गाळले तरी दऱ्या दऱ्याच राहतील.